सोयाबीनचं रान हरभऱ्याला कधी मिळतं? चार एकरांच्या नोंदी, २०२४-२५

८ जून २०२४

काल मृग निघालं. औसा तालुक्यातलं आमचं हे चार एकरांचं रान एकसारखं काळं आहे, तीन फुटांपर्यंत माती, खाली मुरूम. यंदा त्याचे दोन पट्टे करायचं अण्णांशी बोलून ठरवलं. उगवतीच्या दोन एकरांत जेएस ९३-०५ हे लवकर येणारं सोयाबीन, साधारण नव्वद दिवसांचं. मावळतीच्या दोन एकरांत फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६, ते शंभर-एकशे पाच दिवस घेतं. दोन्ही एकाच दिवशी पेरायचं आणि दोन्हीमागे हरभरा एकाच वाणाचा, विजय.

आजवर आम्ही खरिपाचा हिशोब दिवाळीला मिटवायचो आणि रब्बीचा होळीला. दोन वेगळ्या वह्या. मला वाटतं खरा प्रश्न त्या दोन वह्यांच्या मधल्या पानांवर आहे. सोयाबीन रानातून कोणत्या दिवशी उठतं, तेव्हा मातीत ओल किती असते, आणि त्या आठवड्यात घरात पैसा किती असतो. हे तिन्ही वर्षभर लिहून ठेवायचं आहे.

अण्णा म्हणाले, "लिही, पण पेरणी वहीत बघून करू नको. पाऊस बघून कर."

१९ जून

पेरणी झाली. दहा तारखेच्या पावसानंतर गावात निम्म्या लोकांनी पेरलं. आमच्या मापकात तोवर ४१ मिलिमीटर होता, म्हणून थांबलो. सोयाबीनला ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय हात लावू नये, कारण वरची दोन बोटं ओली आणि खालची माती कोरडी असली की बी फुगतं, कोंब काढतं आणि तिथंच वाळतं. काल एकूण ९४ झाला. आज सकाळी वाफसा आला. ढेकूळ मुठीत दाबलं तर गोळा होतो आणि खाली टाकला तर फुटतो, तेव्हा घात आली म्हणायचं.

एकरी तीस किलो बी. पेरणीआधी शंभर बिया ओल्या पोत्यात गुंडाळून पाहिल्या होत्या, घरचं बी ७६ उगवलं. सत्तरच्या खाली असतं तर बी वाढवावं लागलं असतं. दीड इंचापेक्षा खोल जाऊ दिलं नाही. दर चार ओळींनंतर एक सरी सोडली आहे. तिचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो: पाऊस लांबला तर पाणी मुरतं, जास्त झाला तर वाहून जातं.

बियाण्याला चोळायचं रायझोबियम सोयाबीनचं वेगळं आणि हरभऱ्याचं वेगळं. दोन्ही द्विदल असली तरी एकाची पुडी दुसऱ्याला चालत नाही. मागच्या वर्षी उरलेली पुडी मी हरभऱ्याला लावली होती आणि डिसेंबरात मुळं उपटून पाहिली तेव्हा गाठी नावालाच होत्या. यंदा दोन्ही वेगळ्या आणायच्या.

१८ ऑगस्ट

साठावा दिवस. सहा तारखेपासून थेंब नाही, तेरावा दिवस उघडीप आहे. भेगा पडायला लागल्या आहेत.

दोन्ही पट्टे एकाच दिवशी पेरले, पण उघडीप दोघांना वेगवेगळ्या वयात गाठते आहे. जेएसच्या शेंगांत दाणा भरतोय. संगम अजून फुलातून शेंगेत येतंय. फुलं गळाली तर संगमला आणखी फुलं काढायला वेळ आहे. जेएसला नाही, दाणा भरताना पाणी तुटलं की दाणा बारीकच राहणार. दुपारी जेएसची पानं उलटी होऊन पांढरी दिसत होती.

विहिरीत पाणी आहे, तरी मोटार लावायची की नाही यावर घरात बोलणं झालं. अण्णांचं म्हणणं होतं की श्रावणात विहीर उपसायची नाही, ते पाणी हरभऱ्याचं आहे. मी जेएसला तीन तास तरी स्प्रिंकलर द्यावं म्हणत होतो. शेवटी नाही दिलं. खरिपाच्या पिकाला पाणी आभाळाचं आणि रब्बीच्या पिकाला जमिनीचं, असा आमच्याकडचा नेम आहे, आणि उधारी फक्त एकाच बाजूने चालते. पावसाने भरलेली जमीन रब्बीला उपयोगी पडते. रब्बीचं पाणी खरिपाला दिलं तर ते परत मिळेलच असं नाही.

३ सप्टेंबर

पूर्वा नक्षत्राने सगळी कसर काढली. परवा आणि काल मिळून मापकात १३८ मिलिमीटर. मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी नद्या-नाले पात्राबाहेर गेले. आमच्या सऱ्यांनी काम केलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रानातलं पाणी निघालं. बांधाला लागून सखल भागात संगमच्या सात-आठ ओळी पिवळ्या पडल्या, तिथे सरी बुजली होती.

जेएसला या पावसाचा फायदा शून्य. पानं पिवळी पडायला लागली आहेत, दाणा जेवढा भरायचा तेवढा भरला. संगमला मात्र हाच पाऊस हवा होता.

१९ सप्टेंबर

जेएस कापलं. ब्याण्णव दिवस. शेंगा काड्यावरच तडकायला लागल्या होत्या, त्यामुळे एक दिवसही थांबता येत नव्हतं. गुत्तं देऊन कापणी केली आणि बांधावर उंचवट्याला गंजी लावून ताडपत्री टाकली. रान मोकळं झालं.

१ ऑक्टोबर

२४ ते २६ सप्टेंबर पाऊस होता. गंजी वरून कोरडी राहिली, पण खालून ओल चढली आणि तळाचा हातभर थर डागी झाला. आज मळणी झाली. दोन एकरांत १३ क्विंटल २० किलो, म्हणजे एकरी ६.६. ऑगस्टच्या तेरा दिवसांनी किती नेलं ते आता कळलं.

रानाची गोष्ट मात्र चांगली आहे. कापणीनंतर लगेच कुळवाची पाळी दिली होती, त्यावर हा पाऊस पडला. टिकावाने दोन फूट खणून पाहिलं, माती मुठीत दाबल्यावर तळापर्यंत गोळा होते. रब्बीची खरी ठेव ही. भारी काळी जमीन फूटभर खोलीला पाच-सहा सेंटिमीटर पाणी पिकाच्या उपयोगाचं धरून ठेवते. तीन फूट माती भरलेली असेल तर पंधरा-सोळा सेंटिमीटर झालं, आणि हरभऱ्याची गरज सगळी मिळून पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास. उरलेलं एखाद-दोन पाण्यांत भागतं. सोयाबीन याच्या जवळजवळ दुप्पट पितं, पण ते पावसात असतं म्हणून मोजायची वेळ येत नाही.

४ ऑक्टोबर

काल मोंढ्यात गेलो. कोरड्या मालाला ४,३५० चा सौदा निघाला होता. आमच्या सोयाबीनमध्ये १६ टक्के ओलावा निघाला. पट्टी झाली ४,०१० ने.

घरी येऊन हिशोब मांडला. शंभर किलो मालात १६ टक्के पाणी असेल तर सुका भाग ८४ किलो. तोच माल १२ टक्क्यांवर वाळवला तर वजन ८४ भागिले ०.८८, म्हणजे साधारण ९५ किलो ४५० ग्रॅम. म्हणजे पाण्यापोटी क्विंटलमागे जवळपास दोनशे रुपये कापणं रास्त होतं. कापले ३४० गेले. वरचे १४० डागी दाण्याचे म्हणून सांगितले, पण डागी माल आम्ही वेगळा काढून घरी ठेवला होता.

वाळवून आठ दिवसांनी का नेलं नाही? कारण हरभऱ्याचं बी, चार पोती डीएपी आणि ट्रॅक्टरवाल्याचे पैसे या आठवड्यात द्यायचे होते. ओलीची घात आपल्या पट्टीसाठी थांबत नाही. गावातले बहुतेक जण याच कारणाने याच पंधरवड्यात मोंढ्यात असतात, म्हणून भावही याच पंधरवड्यात बसतो. ५२,९३२ रुपये आले, त्यातले पैसे मोजून थेट कृषी सेवा केंद्रात दिले.

६ ऑक्टोबर

उगवतीला हरभरा पेरला. जिरायत हरभऱ्याची वेळ सप्टेंबरच्या शेवटापासून १० ऑक्टोबरपर्यंत. दोन ओळींत एक फूट अंतर, बी सोयाबीनपेक्षा खोल, चांगलं चार बोटं, कारण वरची ओल उन्हाने उडणार आहे आणि मुळाला खालच्या ओलीत उतरायचं आहे. ट्रायकोडर्मा आधी, मग सावलीत सुकवून हरभऱ्याचं रायझोबियम.

मावळतीला परवापासून संगमची कापणी चालू होती, आज संपली.

१० ऑक्टोबर

संगमची मळणी. १८ क्विंटल १० किलो, एकरी नऊच्या वर. दाणा टपोरा, ओलावा १३ टक्के. दसऱ्याआधी घरात आलं याचं सगळ्यांना हायसं वाटलं. आता पैशाची तात्पुरती गरज भागलेली आहे, म्हणून हा माल विकायचा नाही असं ठरवलं. हमीभाव ४,८९२ आहे. सातबाऱ्यावर पीक पाहणी मी ऑगस्टातच मोबाइलवरून लावली होती, त्यामुळे नोंदणीला अडचण नाही. ओसरीत लाकडी फळ्यांवर कट्टे रचले.

३० ऑक्टोबर

वीस दिवसांनी नोंद. या काळात पावसाने दोनदा रान ओलं केलं आणि मावळतीला ट्रॅक्टर घालता येईना. ओल्या काळ्या रानात रोटाव्हेटर घातला की खाली तवा बसतो, मग हरभऱ्याचं मूळ आडवं पळतं. थांबलो. आज वाफसा आला आणि पेरलं. बागायती हरभऱ्याला १० नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे, तेव्हा उशीर म्हणता येणार नाही. पण उगवतीच्या हरभऱ्यापेक्षा चोवीस दिवस मागे. सोयाबीन सतरा दिवस उशिरा उठलं आणि रब्बी चोवीस दिवस लांबली, मधले सात दिवस पावसाने घेतले.

उगवतीला मात्र त्याच पावसाने मर लागली. ऑक्टोबरचं ऊन आणि वरून ओल, हे हरभऱ्याच्या रोपाला मानवत नाही. दहा-दहा फुटांच्या वीस ओळी मोजल्या, शंभरात आठ रोपं गेली. रोप उपटून देठ उभा चिरला की मरीचं आत काळपट दिसतं. पाण्याने सडलेल्याची बुडाची साल हाताने निघून येते. आमच्याकडे दोन्ही प्रकार होते.

२३ नोव्हेंबर

उगवतीचा हरभरा फुलात यायला लागला, अठ्ठेचाळीस दिवस. एकच पाणी द्यायचं असेल तर ते आता. पाणी मोजून द्यायचं ठरवलं होतं.

स्प्रिंकलरच्या एका नोझलला पाइप लावून पंधरा लिटरची बादली भरली, तीस सेकंद लागले. म्हणजे तासाला १,८०० लिटर. आमचे नोझल बारा मीटर बाय बारा मीटरवर आहेत, १४४ चौरस मीटर. भागिलं तर तासाला साडेबारा मिलिमीटर. तीन तासांत साडेसदतीस. दोन एकरांना हे तीन लाख लिटर होतात. मोटार एका वेळी दहा नोझल ओढते, म्हणून सहा वेळा पाइप हलवायचे. या आठवड्यात वीज रात्री आठ तास, एका रात्रीत दोन पाळ्या. तीन रात्री गेल्या. थंडीत ओले पाइप खांद्यावर घेऊन मी आणि अण्णा. अण्णांना घरी जा म्हटलं तर ऐकत नाहीत.

पूर्वी आम्ही रात्रभर मोटार चालू ठेवायचो. आठ तास म्हणजे शंभर मिलिमीटर. तेवढ्या पाण्याने हरभरा माजतो, नुसता पाला वाढतो, घाटे कमी आणि पुन्हा मर. सोयाबीनला अंगावर पाऊस घेऊन जगायची सवय, हरभऱ्याला कमी पाण्यात. पाणी देताना आमचा हात मात्र सोयाबीनच्या हिशोबाने चालत होता.

६ डिसेंबर

फेंगल वादळानंतर आठवडाभर ढगाळ. उगवतीच्या कामगंध सापळ्यात तीन रात्री सरासरी नऊ पतंग. आठच्या वर गेलं की फवारणीचा विचार करायचा. ओळीत मीटरभर अंतरात दोन-दोन बारीक घाटेअळ्या दिसल्या. आधी निंबोळी अर्क मारला होता, आज इमामेक्टिन. पक्षी बसायला काठ्यांचे मचाण आहेतच, सकाळी कोतवाल पक्षी त्यांवरून अळ्या टिपताना दिसतो.

मावळतीला आज पहिलं पाणी पूर्ण झालं, सदतिसावा दिवस. तिथं अजून फूल नाही, म्हणून अळीही नाही. शेंडे खुडून आईने भाजी वाळवायला घातली.

३० डिसेंबर

आज येळवस. उगवतीच्या हरभऱ्यात कोप केली होती. भज्जी, आंबील, उंडे. या दिवशी सगळं गाव रब्बीच्या रानात जेवतं, आणि मी लहानपणापासून इथे बसून पाहिलेलं रान बहुतेक वेळा मावळतीच्या पट्ट्यासारखं असायचं, गुडघ्याच्या खाली. यंदा उगवतीला घाट्यात दाणे होते. पाहुण्यांच्या पोरांनी डहाळे उपटून खाल्ले.

सोयाबीनची खरेदी अजून नाही. नोंदणी झाली, संदेश आला, माल घेऊन गेलो तर बारदाना संपलेला. ट्रॉली परत आणली, भाडं अंगावर. ओलाव्याची मर्यादा यंदा १२ वरून १५ टक्के केली गेली आहे, पण आमचा माल आता ११ वर आलाय, त्याचा आम्हाला उपयोग नव्हता.

१७ जानेवारी २०२५

संगमची खरेदी झाली. १८ क्विंटल १० किलो, ४,८९२ ने ८८,५४५ रुपये. वाळून घटलेलं वजन घरच्या चाळलेल्या मालातून भरून काढलं. पैसे खात्यावर यायला अजून वेळ आहे.

मावळतीला परवा दुसरं पाणी झालं. विहिरीतलं पाणी आता झपाट्याने खाली जातंय, तिसरं पाणी द्यायचं म्हटलं तरी देता येणार नाही.

२९ जानेवारी

उगवतीचा हरभरा २१ तारखेला काढला, आज विकला. १४ क्विंटल २० किलो. मोंढ्यात नवा हरभरा अजून थोडाच येतो आहे. भाव ५,७२०, हमीभावाच्या (५,६५०) वर. ८१,२२४ रुपये. ओलावा मोजायला लागलाच नाही, आडत्याने दाणा दाताखाली फोडून पाहिला.

५ मार्च

मावळतीचा हरभरा ११ फेब्रुवारीलाच काढावा लागला. जानेवारीअखेरपासून दुपारचं ऊन चैत्रासारखं होतं. दाणा भरायच्या वेळेला उष्णता आली की हरभरा स्वतःहून घाई करतो, पानं टाकतो, वरच्या फांद्यांचे घाटे पोकळ राहतात. दाबून पाहिलं तर वरच्या दहा घाट्यांत तीन-चार पोचट. ११ क्विंटल ६० किलो झाला. काल विकला, आता सगळीकडचा माल एकदम आलाय, ५,३५० मिळाले. ६२,०६० रुपये.

१२ मार्च

आज दोन्ही पट्ट्यांचा हिशोब एकत्र मांडला.

उगवती: सोयाबीन ५२,९३२, हरभरा ८१,२२४. एकूण १,३४,१५६.
मावळती: सोयाबीन ८८,५४५, हरभरा ६२,०६०. एकूण १,५०,६०५.

पहिल्या नजरेला संगम जिंकलं, सोळा हजारांनी. अण्णांनी वही पाहून तेच म्हटलं. मग मी त्यांना एकच आकडा बदलून दाखवला. संगम जर आम्ही ऑक्टोबरातच मोंढ्यात ४,१०० ने दिलं असतं तर ७४,२१० आले असते आणि मावळतीची बेरीज १,३६,२७०. फरक उरतो दोन हजारांचा. मावळतीला एक पाणी जास्त गेलं, म्हणजे तीन रात्री. उगवतीला एक फवारणी जास्त. हे दोन्ही धरले तर पट्टे बरोबरीत. उलट जेएसही जानेवारीपर्यंत ठेवून हमीभावाने गेलं असतं तर उगवतीचे ६४,५७४ झाले असते आणि पट्ट्यांमधलं अंतर पाच हजारांच्या आत आलं असतं.

म्हणजे लांब वाणाने सोयाबीनमध्ये जे जास्त दिलं ते हरभऱ्याने उशिरामुळे जवळपास सगळं परत घेतलं. उरलेला फरक वाणाचा नव्हता, माल कोणत्या महिन्यात विकला त्याचा होता. आणि संगम ठेवता आलं ते जेएस आधी विकून रब्बीचा खर्च निघाला होता म्हणून. जेएस नसतं तर संगमचे कट्टे दसऱ्यालाच मोंढ्यात गेले असते.

अण्णा बराच वेळ वही घेऊन बसले. मग म्हणाले, "मग जेएस चार एकर नको, आणि बंद पण नको."

एका वर्षावरून एवढंच. ऑगस्टात उघडीप पडली नसती तर जेएसला एकरी दोन क्विंटल तरी जास्त आलं असतं आणि हिशोब फिरला असता. फेब्रुवारी थंड गेला असता तर उलटीकडून फिरला असता.

२४ मे

वळवाचा पाऊस यंदा थांबायचं नाव घेत नाही, मापकात या महिन्यात १२६ मिलिमीटर. गावात दोघा-तिघांनी सोयाबीन पेरायची तयारी केली आहे. आम्ही पेरणार नाही. हा पाऊस आकड्याने पुरेसा असला तरी पुढची उघडीप किती ते कुणालाच माहीत नाही, आणि आता पेरलेलं जेएस ऑगस्टअखेर, भर पावसात कापायला येईल.

नियोजन ठरलं. एक एकर जेएस, विहिरीजवळ. तीन एकर संगम. चार एकरांचा रब्बीचा खर्च गेल्या वर्षीच्या पावत्यांवरून काढला: बी १०,२००, डीएपी ५,४००, ट्रॅक्टर ६,०००, मिळून २१,६००. एक एकर जेएस साडेसहा क्विंटल आलं आणि ओलं म्हणून चार हजारांनेच गेलं, तरी २६,००० होतात. तेवढं पुरे. विहिरीजवळच्या त्या एकराला यंदा श्रावणात एक पाणी द्यायचं, दीड लाखाच्या आसपास लिटर, तीन पाळ्या. अण्णांनी मान्य केलं, पण विहीर निम्म्याच्या वर असेल तरच.

संगमचं घरचं बी आज ओल्या पोत्यातून सोडलं. शंभरात ७८. जेएसचं ६४, गंजीच्या ओलीने मार खाल्ला आहे. त्याचं तीसऐवजी तेहतीस-चौतीस किलो घालावं लागेल, नाहीतर नवीन बॅग घ्यायची. उद्या दुकानात भाव विचारतो.